गौरवीची फोटोतली कावीळ

डिचोलीच्या बाजारात गोकुळदासबाबांचा फोटो स्टुडिओ आहे. तिथं मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या सुविधाला रंगांची खोड आहे. खोड म्हणजे अशी की बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला ती सरळ सांगते, "तुमच्या ब्लाउजाचो हिरवो आनी साडीचो हिरवो एकमेकांवांगडा भांडतत." बाई रागावते, उठून दुसरीकडे बसते. सुविधाला त्याचं काही वाटत नाही. उलट जागा मोकळी झाली म्हणून ती पिशवी शेजारी ठेवते आणि कोरगावपर्यंत आरामात जाते.

ही खोड तिला बापाकडून आली. तिचे वडील जयराम यांची कोरगावात गणपतीची शाळा होती. शाळा म्हणजे जिथं मूर्ती घडवतात आणि रंगवतात ती. चतुर्थीआधी दोन महिने घरात पाय ठेवायला जागा नसायची, पडवीपासून न्हाणीघरापर्यंत गणपतीच गणपती. सुविधा आठ वर्षांची असताना वडिलांनी तिच्या हातात बारीक ब्रश दिला आणि पहिला नियम सांगितला: अंगाचा रंग आणि सोन्याचा रंग एका ब्रशानं कधी लावायचा नाही, ब्रश कितीही धुतलेला असला तरी. दुसरा नियम तिला जरा उशिरा कळला. सोनं पिवळ्यानं होत नाही. पिवळा नुसता फासला की मुकुट आंब्याच्या पेटीसारखा दिसतो. खाचेत तपकिरी भरायचा, उंचवट्यावर फिका पिवळा ठेवायचा आणि जिथं उजेड पडतो तिथं जवळजवळ पांढरा एकच ठिपका द्यायचा. मग तो मुकुट लांबूनही सोन्याचा वाटतो.

वडील गेले, शाळा बंद झाली, आणि सुविधा ब्रश सोडून माऊस धरायला डिचोलीत आली. त्याला आता अकरा वर्षं झाली. तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्यामुलींच्या गळ्यातलं सोनं तिच्या हाताखालून गेलं आहे.

गोकुळदासबाब माणूस वाईट नव्हे. दुकानात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय सोडत नाहीत. पण कॉम्प्युटरमध्ये त्यांना एकच गोष्ट येते, ती म्हणजे रंग वाढवायची पट्टी उजवीकडे ओढणं. ती ते स्कूटरचा एक्सेलेटर पिळावा तशी ओढतात. त्यांचं तत्त्व साधं होतं. "बाये, सोनें म्हणजे पिवळें. पिवळें वाडयलें काय सोनें वाडटा." काउंटरवर त्यांचा स्वतःचा फोटो आहे, फोटोग्राफरांच्या कसल्याशा मेळाव्यात सत्कार झाला तेव्हाचा. गळ्यात जाड चेन, बोटात दोन अंगठ्या. तो फोटो त्यांनी स्वतः केला. त्यात चेन जशी पिवळी आहे तसेच बाबही पिवळे आहेत, शाल पिवळी आहे, मागची भिंत पिवळी आहे आणि सत्काराचा नारळसुद्धा पिवळा आहे. सुविधाला तो फोटो रोज येता-जाता दिसायचा, आणि रोज तिचे हात शिवशिवायचे.

आता गौरवीची गोष्ट.

गौरवी इब्रामपूरची, तुयेच्या कारखान्यात कामाला. रंगानं सावळी, डोळे मोठे, हसली की डाव्या गालावर खळी. तिचं लग्न डिचोलीच्या साईशशी झालं, फेब्रुवारीत, देवळाच्या हॉलात. डाळिंबी शालू, हिरवे काठ, अंगावर सासरचं सगळं सोनं आणि डोक्यात अबोलीचा भरघोस वळेसर, म्हणजे गजरा. ती अबोली साईशच्या आजीनं, शेवंतीआजीनं, परसातली तोडून स्वतः ओवलेली.

फोटो स्टुडिओच्या फोटोग्राफरनं, अमोलनं काढले. हॉलाच्या बाहेर पिवळ्या कापडाचा मंडप होता, त्याच्याखाली. पिवळ्या कापडातून आलेला उजेड सगळ्यांवर पिवळाच पडतो, आणि डाळिंबी शालूचा लाल उजेड हनुवटीखाली चढतो. हे सगळं सुविधानं नीट काढून टाकलं. घरातल्या हॉलात लावायचा मोठा फोटो, वीस बाय तीसचा, तिनं दोन दिवस बसून केला आणि सहाची बस पकडायला निघाली.

ती गेल्यावर साईशच्या आईचा, शालिनीबाईंचा, फोन आला. मोबाईलवर पाठवलेल्या फोटोत आपलं सोनं नीट दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. गोकुळदासबाबांना असा फोन म्हणजे सणच. त्यांनी फाईल उघडली, सुविधानं वेगवेगळ्या थरांत ठेवलेलं काम एका क्लिकवर सपाट केलं आणि पिवळ्याची पट्टी उजवीकडे ओढली. मग आणखी थोडी. मग सेव्ह केलं, त्याच नावानं, त्याच फाईलवर. सकाळी सुविधा यायच्या आत फोटो म्हापशाच्या लॅबमध्ये छापायला गेलासुद्धा.

फोटो सोनेरी फ्रेममध्ये घातला गेला, भिंतीवर चढला, आणि शालिनीबाई खूश झाल्या. सोनं दिसत होतं, पाटल्यांपासून नथीपर्यंत. मग शेवंतीआजी काठी टेकत पुढं आल्या. आजी सावंतवाडीकडच्या. माहेरी त्यांच्या आईकडे काविळीचं औषध होतं, लांबून लांबून लोक यायचे. आजींनी फोटोतल्या गौरवीच्या डोळ्यांकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि परत पाहिलं.

"शालिनी, बघलंस? ह्या चेडवाक कावीळ झाली हा."

सगळे हसले. आजी हसल्या नाहीत. डोळ्यांचं पांढरं हळदीसारखं, दात पिवळे, नखं पिवळी. काविळीची तिन्ही लक्षणं फ्रेम करून भिंतीवर टांगलेली. साईशनं डॉक्टरकडे नेऊन रक्त तपासून आणलं. सगळं ठीक. आजींनी तो कागद हातातसुद्धा घेतला नाही.

"डॉक्टर छातीचो एक्स-रे काढता तो काय असता? फोटोच मां? त्या फोटोवर तुमी इस्वास ठेवतास, मगे ह्या फोटोवर कित्या नाय? भायरून दिसना नाय तां फोटोत दिसता!"

आजींशी वाद घालायची त्या घरात पद्धत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून गौरवीला सकाळी उपाशीपोटी भुईआवळी वाटून ताकातून सुरू झाली. तेल बंद, हळद बंद, मासे बंद. पेज, मीठ, मुळ्याची भाजी. कधी उसाचा रस, तो सणासारखा. नवीन सून म्हणून शेजारपाजारचे जेवायला बोलवायचे, तिथंही आजींचा निरोप आधी पोचलेला असायचा. समोर साईश बांगड्याचं हुमण भुरकायचा आणि अपराध्यासारखा तिच्याकडे बघत भुरकायचा. पण भुरकायचा. गौरवीला त्याचाच जास्त राग आला.

पथ्य किती दिवस? आजींचं उत्तर ठाम होतं. फोटोत डोळे पांढरे होईपर्यंत.

आठ दिवसांनी गौरवी स्टुडिओत आली. थेट मागच्या खोलीत शिरली आणि सुविधासमोर बसली.

"ताई, तुमी माझे डोळे पिवळे कित्याक केल्यात? बाब म्हणतत, फोटो सुविधान केलो."

सुविधानं बाहेर पाहिलं. गोकुळदासबाब एकाएकी काउंटरवरच्या अल्बमांची धूळ झटकायला लागले होते.

सुविधाला संताप आला, अगदी डोक्यात गेला. अकरा वर्षांत तिनं एकाही मुलीचा चेहरा बिघडवला नव्हता. आणि आता डिचोलीभर होणार काय, तर सुविधानं नवरी पिवळी केली. तिनं फाईल उघडली. थर एकही उरला नव्हता, सगळं सपाट. बाब काउंटरवरूनच म्हणाले, "कोण विचारता बाये आतां, कोणें केलें तें. निवळ कर आनी दी. पूण सोनें मात उणें जावपाक फावना हां. शालिनीबाय तापतली." म्हणजे चेहऱ्यावरचा पिवळा काढायचा आणि सोन्याचा केसभरही कमी करायचा नाही. ते म्हणाले तसं करायचं तर कामही तिचंच आणि वाईट नावही तिचंच.

गौरवीची पेजेनं सुकलेली जिवणी पाहून सुविधानं घाई केली. अकरा वर्षांत केली नव्हती ती चूक तिनं त्या दिवशी केली. सपाट फाईलवरच काम धरलं, आणि चेहरा, मान, हात हातानं वेगळे काढायला वेळ लागतो म्हणून कॉम्प्युटरला सांगितलं, कातडीच्या रंगाचं जे जे दिसेल ते निवड आणि त्यातला पिवळा उतरव. कॉम्प्युटर आज्ञाधारक. पण त्याला चेहरा कळत नाही, रंग कळतो. आपल्या कातडीचा रंग लाल आणि पिवळ्याच्या मध्ये कुठंतरी बसतो. सोनं त्याच्या अगदी शेजारी, आणि अबोली तर जवळजवळ त्याच घरात. त्यानं सगळ्यांना एकाच मापानं धुतलं. छोटा फोटो छापून गौरवीच्या हाती दिला तेव्हा सुविधानं फक्त डोळे पाहिले. डोळे पांढरे होते.

आजींनी डोळे पाहिले, मान हलवली. मग वळेसर पाहिला.

"ही अबोली मेली."

परसातली ती फुलं त्यांनी पहाटे उठून ओवलेली, एकेक देठ जुळवून. फोटोत ती पडून राहिलेल्या शेवग्याच्या फुलांसारखी करडी झाली होती. शालिनीबाईंनी हार पाहिला आणि म्हणाल्या, हे पितळ कुणाचं? सोनं आणि अबोली, दोन्ही गेली. आणि आजींनी निदान पुढं नेलं.

"रोग डोळ्यांतसून उतरलो, तो फुलांत गेलो. रोगी माणसान माळलेली फुलां अशीच सुकतत. आणखी सात दीस पथ्य."

गौरवीनं हे फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत होती की हसत, सुविधाला कळलं नाही. बहुधा दोन्ही.

सुविधा मात्र रडली नाही. ती लाजली. चूक बाबांची होती खरी, पण अबोली तिनं मारली होती. वडील असते तर त्यांनी ब्रश काढून घेतला असता. एका ब्रशानं अंग आणि सोनं, तेच केलं होतं तिनं, फक्त ब्रश कॉम्प्युटरचा होता.

तिनं अमोलला फोन लावून कॅमेऱ्यातली मूळ फाईल मागवली. अमोल शिस्तीचा, प्रत्येक ठिकाणी पहिला फोटो, रंगाचं माप म्हणून, करडं कार्ड समोर धरूनच काढतो. मंडपाखाली ते कार्ड पिवळट दिसत होतं. सुविधानं त्या कार्डाचा करडा खराखुरा करडा केला, तेच माप गौरवीच्या फोटोला लावलं, आणि मंडपाचा पिवळा उजेड बराचसा तिथंच उतरला.

मग ती चार दिवस बसली. बाबांनी दोनदा डोकावून "जालें?" विचारलं. तिनं दोनदा दार लोटलं.

गौरवीचा चेहरा, मान आणि हात तिनं हातानं रेघ ओढून वेगळे काढले, पडदा टाकावा तसे. मग त्यांच्यावर दुसरा कसलाही रंग चढूच शकत नव्हता. शालूला वेगळा पडदा. त्यात रंग थोडासाच वाढवला आणि मधल्या छटा गडद केल्या, कारण रेशीम श्रीमंत दिसतं ते गडदपणानं. नुसता रंग चढवला की लाल एकसारखा होतो, घड्या आणि जरीची बुट्टी त्यात बुडून जातात. सोन्याला तिसरा पडदा, आणि तिथं तिनं पिवळ्याला जवळपास हातच लावला नाही. खाचा तपकिरीकडे खोल नेल्या, उंचवटे उजळले, आणि चकाकणारे ठिपके फिके, जवळजवळ पांढरे ठेवले. वडिलांचा मुकुटच तो, फक्त गौरवीच्या गळ्यात. हाराच्या कडेनं मानेवर पिवळी किनार येऊ लागली, तेव्हा पडद्याची कड तिथं मण्या-मण्यानं पुसली. हाराची सावली मात्र मानेवर राहू दिली. सावली काढली तर हार चिकटवल्यासारखा दिसतो.

हनुवटीखाली शालूचा लाल उजेड होता. कपाळावरचा गौरवीचा स्वतःचा रंग उचलून तिनं तिथं हलकेच लावला, पण सगळा लाल काढला नाही. थोडा राहिला म्हणूनच ती मुलगी शालू नेसून उभी आहे असं वाटत होतं. डोळ्यांतला पिवळा उतरवला, तोही बशीसारखा पांढरा होईपर्यंत नाही. गौरवी सावळी होती, फोटोतही सावळीच राहिली, आणि खळी होती तिथंच.

सगळ्यात शेवटी अबोली. तिला स्वतंत्र पडदा, एकेक पाकळी. तिनं त्या फुलांना फक्त त्यांचा रंग परत दिला.

छोटा तुकडा छापून ती दुकानाच्या दारात, उन्हात गेली. ट्यूबलाईटखाली सगळेच फोटो बरे दिसतात. उन्हात तिला हार जरा लालसर वाटला. परत आली, दुरुस्त केलं, परत छापलं. तिसऱ्या वेळी तिनं स्वतःशीच मान डोलावली आणि मोठा फोटो म्हापशाला पाठवला.

फोटो बघायला शेवंतीआजी स्वतः आल्या. रिक्षातून उतरल्या, मागं शालिनीबाई आणि गौरवी. गौरवी पंधरा दिवसांच्या पेजेनं इतकी हलकी झाली होती की चालताना चपलांचा आवाज येत नव्हता. आजींनी फोटो दारात, उजेडाकडे धरायला लावला. आधी डोळे. मग दात. मग नखं. मग आजींनी चष्मा वर केला आणि वळेसराजवळ नाक नेलं, वास घ्यावा तसं.

"माझी अबोली," त्या म्हणाल्या.

शालिनीबाई हार बघत होत्या. "बाई गं, हां खरां सोनां," त्या म्हणाल्या, आणि बोट लावायला निघालेला हात त्यांनी स्वतःच मागं घेतला.

आजी शालिनीबाईंकडे वळल्या. "बघलंस? माझ्या भुईआवळीन गुण इलो का नाय? आज रातीक बांगडे आण."

सुविधाच्या चार दिवसांचं श्रेय असं ताकातून प्यायलं गेलं. तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात गौरवीनं तिचा हात दाबला. बांगड्यांचा प्रश्न होता. सुविधाला हसूच आलं, कारण चेहऱ्यावर पिवळा राहिला नाही याची इतकी पक्की पावती तिला आयुष्यात कुणी दिली नव्हती.

आजी निघाल्या. निघता निघता त्यांची नजर काउंटरवरच्या सत्काराच्या फोटोवर गेली. त्या थांबल्या. चष्मा पुसला. फोटोकडे बघितलं, मग खुर्चीत बसलेल्या गोकुळदासबाबांकडे, मग परत फोटोकडे.

"तुमका कधीपासून?"

"कितें?" बाब गोंधळले.

"डोळे बघा. नखां बघा. अरे द्येवा, नारळसुद्धा! ही कावीळ जुनी आसा. बाईल खंय तुमची?"

बाबांची बायको सिद्धीवहिनी वरच्या मजल्यावरच राहते, आणि आजी तिला हाक मारल्याशिवाय दुकानाबाहेर पडणाऱ्यातल्या नव्हत्या. सिद्धीवहिनी खाली आली, फोटो पाहिला, आणि नवऱ्याला गेले वर्षभर जेवणानंतर झोप का येते याचा उलगडा तिला झाला. भुईआवळी आजींच्या पिशवीत तयार होतीच. एकवीस दिवस. तेल नाही, मासे नाहीत. फोटोत डोळे पांढरे होईपर्यंत.

बाब ओरडले, "हो फोटो चुकीचो आसा! रंग चड जाला, इतलेंच!"

"हेंच म्हणतत सगळे पहिलीं," आजी म्हणाल्या.

चौथ्या दिवशी बाब मागच्या खोलीत आले. दार आपणच लोटून घेतलं. पेजेनं माणूस नम्र होतो हे सुविधानं त्या दिवशी पाहिलं.

"सुविधा, तो म्हजो फोटो मातसो निवळ कर मगे."

"करतंय मां बाब. पण हातान पडदे काढूक होये. चेन, अंगठ्यो, शाल, नारळ. घाई केली काय अबोली मरता."

"अबोली खंय आसा त्यात?"

"नाय. पण शालिनीबाईंक खरां सांगूचा आसा, पैलो फोटो कोणी पिवळो केलो तां. तां आदी जाऊंदे."

बाबांनी तिथंच, तिच्यासमोर, फोन लावला. "शालिनीबाय? गोकुळदास उलयतां. तो पयलो फोटो… तो हांवें पिवळो केल्लो. सुविधान न्हय." पलीकडून शालिनीबाई बऱ्याच वेळ बोलत होत्या. बाब फक्त "हय, हय" म्हणत होते. फोन ठेवल्यावर सुविधाला जरा भरून आलं. माणूस मोठाच, फक्त पट्टी बघितली की हात राहत नाही.

म्हणून तिनं त्यांचा फोटो खरंच मन लावून केला. चेनला खाचा दिल्या, अंगठ्यांना ठिपके, शालीला तिचा मूळ जांभळा, नारळाला नारळाचा रंग. दोन दिवसांत सगळं झालं. डोळ्यांचं पांढरं तेवढं तिनं मागं ठेवलं. ते काम पाच मिनिटांचं होतं, आणि एकवीस दिवसांतले पंधरा अजून उरले होते. ते पंधरा सरले, आणि सोळाव्या दिवशी सुविधा कोरगावाहून डब्यात तळलेले मासे घेऊन आली, डबा काउंटरवर बाबांसमोर ठेवला, मागं गेली आणि बाबांच्या डोळ्यांतला पिवळा उतरवला.